‘तुझे पैसे तू घे’ म्हटल्यानं हिशोब संपत नाही

आपल्या गटांमध्ये बायांनी एकत्र येऊन धंदा कसा सुरू करावा, कर्ज कसं मिळवावं, माल कसा विकावा यावर भरपूर बोललं जातं. त्या धंद्यातून एखादीला बाहेर पडायचं असेल तर काय, यावर मात्र आपण बोलत नाही. तो विषय काढणं म्हणजे अपशकुन, किंवा एकजुटीवर अविश्वास, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात बाया बाहेर पडतातच. नवऱ्याची बदली होते, सासूचं दुखणं निघतं, मुलीच्या शिक्षणासाठी गाव सोडावं लागतं, कधी आपसात पटेनासं होतं. त्या वेळी जिच्या हाती वह्या आणि चेकबुक आहे ती म्हणते तो हिशोब खरा ठरतो.

नरडाण्याचंच घ्या. शिंदखेडा तालुक्यातलं हे गाव सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर आहे, मुंबई-आग्रा महामार्गालगत आहे आणि इथे औद्योगिक वसाहतही आहे. अशा गावात दोघी-तिघींनी मिळून मसाला, पापड, पिशव्या, शिवणकाम असा छोटा धंदा उभा करणं अवघड नसतं. बहुतेकींची सुरुवात बचत गटातून झालेली असते आणि गोंधळाचं मूळही तिथेच आहे. बचत गट सोडणाऱ्या बाईला तिची बचत आणि तिच्या वाट्याचं व्याज मिळतं, हा नियम साऱ्यांच्या अंगवळणी पडलेला आहे. तोच नियम भागीदारीला लावला जातो. ‘तुना पैसा तू लई ले, माय,’ असं म्हणून सुरुवातीला घातलेली रक्कम तिच्या हातावर ठेवली की न्याय झाला असं सगळ्यांना वाटतं. पण भागीदारीतला हिस्सा म्हणजे ठेव नव्हे. धंद्याची आज जी किंमत आहे तिच्यातला तो वाटा आहे. धंदा वाढला असेल तर वाटा वाढतो आणि धंदा बुडाला असेल तर घातलेले पैसेही परत मिळत नाहीत.

एक उदाहरण धरून चालू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण अशा आकाराचे धंदे आपल्या ओळखीचे आहेत. तीन बायांनी २०१६ साली प्रत्येकी ५०,००० रुपये घालून मिरची दळून तिखट आणि काळा मसाला विकायला सुरुवात केली. नफ्यातला वाटा सारखा. भाड्याच्या शेडमध्ये दळणाचं यंत्र, पाकिटं बंद करायचं यंत्र, धुळे आणि शिरपूरच्या दुकानांत उधारीवर माल. आता एकीला गाव सोडायचं आहे. राहणाऱ्या दोघी म्हणतात, ‘तुझे ५०,००० घे.’ जाणारी म्हणते, ‘वर्षाचा नफा ३,६४,००० च्या आसपास आहे. माझा तिसरा हिस्सा तीन वर्षांचा धरा आणि ३,६४,००० द्या.’

इथे मध्यस्थ म्हणून आपल्याला बोलावलं जातं, आणि आपण बहुधा काय करतो? दोन्ही बाजूंना थोडं थोडं मागे यायला लावतो. ५०,००० आणि ३,६४,००० यांच्या मधोमध म्हणजे २,०७,००० वर तडजोड घडवून आणतो. पण दोन चुकीच्या आकड्यांचा मध्य बरोबर कसा असेल? घरगुती भांडणातली ‘समजुतीनं घ्या’ची सवय इथे आणली तर कधी जाणारी नागवली जाते, कधी राहणाऱ्यांचा धंदा मोडतो. माझं म्हणणं असं की आकड्यावर तडजोड करायच्या आधी आकडा काढण्याची रीत ठरली पाहिजे. तडजोड करायचीच तर ती फेडीच्या अटींवर करावी, कारण तिथे तिला खरोखरच जागा असते.

पहिली गोष्ट म्हणजे तारीख. कोणत्या दिवशीचा हिशोब, हे कागदावर ठरलं पाहिजे. आर्थिक वर्ष संपतं तो ३१ मार्च सोयीचा. मध्येच निघायचं असेल तर त्या दिवसापर्यंतचा नफा-तोटा वेगळा काढावा लागतो. तारीख ठरली नाही तर उन्हाळ्यातली मसाल्याची भरघोस विक्री एक बाजू धरते, पावसाळ्यातला रिकामा गल्ला दुसरी. तारीख ठरल्यावर वह्या. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्यानुसार प्रत्येक भागीदाराला पेढीच्या वह्या पाहण्याचा आणि त्यांची नक्कल घेण्याचा हक्क आहे. ‘तू कधी हिशोब बघितलास, आता कशाला बघतेस?’ हे उत्तर चालत नाही. हा हक्क ती भागीदार आहे तोवर सहज बजावता येतो. म्हणून राजीनामा लिहून देण्याच्या आधी नकला घ्याव्यात: बँकेचं पासबुक, उधारीची वही, खरेदीची बिलं, गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद आणि कराची विवरणपत्रं.

आता या पेढीचा ३१ मार्च २०२५ चा ताळेबंद बघू. वहीप्रमाणे यंत्रं ९०,००० ची, मिरची आणि तयार माल १,८०,००० चा, दुकानदारांकडची उधारी १,५०,०००, बँकेत आणि हातात ६०,०००, शेडची अनामत ३०,०००. एकूण ५,१०,०००. देणं असं: बँकेचं कर्ज १,१०,०००, मिरचीच्या व्यापाऱ्याचे ७०,०००, मजुरी आणि वीजबिल २०,०००, आणि राहणाऱ्यांपैकी एकीनं अडचणीत पेढीला उसने दिलेले ३०,०००. एकूण देणं २,३०,०००. म्हणजे वहीप्रमाणे पेढीचं स्वतःचं उरतं २,८०,०००.

पण वहीतली किंमत ही खरी किंमत नसते. यंत्राची किंमत घसारा काढत काढत वहीत कमी होत जाते, बाजारात ते यंत्र त्याहून जास्तीला जातं. उलट माल आणि उधारी वहीत पूर्ण दिसतात, पण रंग उडालेलं जुनं तिखट कोणी घेत नाही आणि वर्षभर न दिलेली उधारी बहुधा येत नाही. म्हणून एकेक ओळ घेऊन फेरमूल्यांकन करायचं. जुनी यंत्रं घेणाऱ्या दोन विक्रेत्यांकडून लेखी भाव मागवले आणि यंत्रं १,८०,००० ची ठरली. माल तिघींनी मिळून मोजला. २०,००० चा खराब निघाला, म्हणून १,६०,०००. उधारीची वही दुकानवार तपासली. ४०,००० बुडीत धरले, म्हणून १,१०,०००. वाढले ९०,०००, घटले ६०,०००, म्हणजे निव्वळ वाढ ३०,०००. पेढीची निव्वळ मालमत्ता ३,१०,००० झाली.

बुडीत धरलेली उधारी हे ठरलेलं भांडणाचं ठिकाण. राहणाऱ्या म्हणतात येणार नाही, आणि ती गेल्यावर सहा महिन्यांनी वसूल करतात. यावर सोपा उपाय आहे. त्या दुकानांची यादी करारालाच जोडायची आणि लिहायचं की पुढच्या एका वर्षात यांच्याकडून जे वसूल होईल त्याचा तिसरा हिस्सा तिला द्यायचा. मग अंदाजावर वाद घालायची गरज उरत नाही.

३,१०,००० चे सरळ तीन भाग करायचे का? नाही. इथे पुष्कळ जणी चुकतात. भागीदारीत प्रत्येकीचं भांडवल खातं वेगळं असतं. घातलेली रक्कम आणि दरवर्षीच्या नफ्यातला वाटा त्यात जमा होतो, उचललेली रक्कम त्यातून वजा होते. जाणारीनं मध्यंतरी घरासाठी जास्त उचल केली होती, म्हणून तिच्या खात्यावर ८०,००० आहेत आणि इतर दोघींच्या खात्यावर प्रत्येकी १,००,०००. या तिन्हींची बेरीज वहीतल्या २,८०,००० शी जुळते. ती जुळते का हे पाहणं हीच पहिली तपासणी. जुळत नसेल तर कुठेतरी खर्च किंवा उचल लिहायची राहिली आहे आणि पुढे जाण्यात अर्थ नाही. फेरमूल्यांकनातली ३०,००० ची वाढ मात्र नफ्याच्या प्रमाणात, म्हणजे प्रत्येकी १०,००० वाटायची. तिचे झाले ९०,०००. जिनं ३०,००० उसने दिले आहेत तिची ती रक्कम कर्ज आहे, भांडवल नव्हे. ती आधीच देण्यात धरली गेली आहे, म्हणून पुन्हा हिश्शात धरायची नाही.

आता सर्वांत वादाचा भाग, नावलौकिकाचा. हिशोबाच्या भाषेत त्याला गुडविल म्हणतात. दुकानदार या पाकिटाचं नाव बघून माल ठेवतात आणि गिऱ्हाईक तेच तिखट मागतं. नऊ वर्षांत मिळवलेली ही पत ताळेबंदात कुठेच दिसत नाही, म्हणून राहणाऱ्यांना तिची किंमत शून्य वाटते. कायद्याला मात्र तशी वाटत नाही. भागीदारी कायद्याच्या १४ व्या कलमात पेढीच्या मालमत्तेत नावलौकिकाचा स्पष्ट समावेश आहे. मुंबईत कापसाची मुकादमी आणि दलाली करणाऱ्या मेघजी थोभण आणि कंपनी या पेढीचं प्रकरण या संदर्भात आपल्याला माहीत असायला हवं. एक भागीदार वारला, बाकीच्यांनी धंदा पुढे चालू ठेवला आणि त्याच्या विधवेनं नावलौकिकातला वाटा मागितला. पेढी मोडलेलीच नाही, तर नावलौकिकाचा वाटा कसला, असा इतरांचा युक्तिवाद होता. १९७० साली सर्वोच्च न्यायालयानं तो फेटाळला. करारात स्पष्टपणे हक्क काढून घेतलेला नसेल, तर पेढी चालू राहिली तरी गेलेल्या भागीदाराच्या वारसांना नावलौकिकातला वाटा मिळतो, असा निर्णय दिला. जिवंतपणी निघणाऱ्या बाईनं हाच मुद्दा धरून ठेवायला हवा.

वाटा मागायचा, पण किती? इथे जाणारीचा ३,६४,००० चा आकडाही तपासावा लागतो. तीन वर्षांचा नफा ३,३४,०००, ३,६४,००० आणि ३,९४,०००, सरासरी ३,६४,०००. पण हा सगळा नफा नाही. तिघी रोज पाच-पाच तास दळतात, भाजतात, पाकिटं भरतात, दुकानांत जातात, आणि कुणी पगार घेत नाही. तीच कामं पगारी बायांकडून करून घेतली तर महिन्याला प्रत्येकीमागे ८,००० म्हणजे वर्षाला २,८८,००० लागतील. ज्याला आपण नफा म्हणत होतो त्यात बायांची न मोजलेली मजुरीच जास्त होती. ती वजा केली की उरतात ७६,०००. पेढीत ३,१०,००० गुंतलेले आहेत. त्यावर १० टक्क्यांनी साधा परतावा ३१,००० तोही वजा केला की उरतात ४५,०००. एवढीच कमाई नावामुळे होते असं म्हणता येईल. छोट्या पेढीत अशी कमाई दोन किंवा तीन वर्षांची धरण्याचा प्रघात आहे. दोन वर्षांची धरली तर नावलौकिक ९०,००० चा आणि तिचा वाटा ३०,००० चा.

बायांच्या घरकामाची मोजदाद व्हावी असं आपण इतकी वर्षं म्हणतो. तोच आग्रह इथे जाणारीच्या विरुद्ध जातो असं एखादीला वाटेल. तसं नाही. आजवर तिच्या वाट्याला आलेल्या नफ्यातून तिला तिची मजुरी मिळत होती. ती गेल्यावर तिच्या जागी माणूस लावावाच लागेल आणि ती मजुरी त्या माणसाला जाईल. उलट एखादीनं काम जास्त केलं आणि वाटा मात्र सारखाच घेतला असेल, तर निघताना तिला वाटणारी टोचणी खरी असते. पण कायद्यानं, करार नसेल तर भागीदाराला कामाचा वेगळा मोबदला मिळत नाही. म्हणून ते निघताना मागून उपयोग नाही, काम चालू असतानाच ठरवून घ्यावं लागतं.

दोन वर्षं की तीन, हा मात्र खरोखर वाटाघाटीचा प्रश्न आहे. ताळा असा करायचा: धंदा जाणारीच्या ओळखीवर चालत असेल, म्हणजे दुकानदार तिच्यामुळेच माल घेत असतील, तर ती गेल्यावर गिऱ्हाईकही जाईल. मग दोन वर्षंही जास्त होतात. नाव पाकिटाचं असेल तर तीन मागायला हरकत नाही. आणि नावलौकिकाचे पैसे घेतले की ते नाव राहणाऱ्यांचं झालं. तिनं त्याच नावानं विकायचं नाही, त्याच दुकानांत ठराविक काळ स्पर्धा करायची नाही, असं लिहून घेण्याची मुभा कायदा देतो, पण अट काळानं आणि जागेनं मर्यादित आणि वाजवी हवी. ज्यांना नावलौकिकाचा एक रुपयाही द्यायचा नाही त्यांनी मात्र तिच्यावर असं बंधन घालू नये. ज्याची किंमत शून्य, ते राखण्यासाठी अट कशाला?

तर तिचा एकूण हिस्सा ९०,००० आणि ३०,००० मिळून १,२०,००० झाला. दिलेल्या ५०,००० च्या दुपटीहून जास्त, मागितलेल्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका. मधोमधच्या २,०७,००० वर तडजोड झाली असती तर राहणाऱ्यांना तिखटाचं नवं पीक घ्यायला पैसे उरले नसते. आयकराचं एक कलम मात्र सीएला विचारून घ्यावं. २०२१ पासून भांडवल खात्यापेक्षा जास्त दिलेल्या रकमेवर, आपल्या उदाहरणात ४०,००० वर, पेढीकडे कर मागितला जाऊ शकतो. तो कुणी सोसायचा हे किंमत ठरवतानाच बोलावं.

आता फेड. पेढीकडे रोख ६०,००० आहेत, पण मिरचीचा हंगाम आला की तेवढे लागतात. सगळी रक्कम एकदम मागितली तर धंदा बसतो आणि मग कुणालाच काही मिळत नाही. पण ‘जमेल तसे देऊ’ म्हणजे काहीच न देणं. म्हणून सही करतानाच ३०,००० हातात आणि उरलेले ९०,००० तीन-तीन महिन्यांच्या सहा हप्त्यांत, दर हप्ता १५,००० आणि शिल्लक रकमेवर १० टक्के व्याज. पहिल्या हप्त्याला व्याज २,२५०, मग १,८७५, असं उतरत शेवटी ३७५. एकूण व्याज ७,८७५. हे व्याज दंड नव्हे. तिचे पैसे वापरून धंदा चालतो त्याचं ते भाडं आहे. हप्त्यांच्या तारखा विक्रीचे महिने बघून ठरवाव्यात. खरेदीच्या महिन्यात हप्ता ठेवला तर तो चुकणारच.

किंमत मोठी आणि हमी काहीच नाही, त्यापेक्षा किंमत थोडी कमी आणि हमी पक्की हे नेहमी चांगलं. हमी म्हणजे काय? एक, सहाही हप्त्यांचे पुढच्या तारखांचे चेक सहीच्या दिवशीच घ्यायचे. चेक वटला नाही तर परक्राम्य दस्तऐवज कायद्याच्या १३८ व्या कलमाखाली जाता येतं. पण बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, १५ दिवस वाट पाहावी लागते आणि त्यानंतर महिन्याच्या आत तक्रार करावी लागते. या तारखा चुकवून चालत नाही. दोन, राहणाऱ्या दोघींनी पेढीबरोबर व्यक्तिशःही जबाबदारी घ्यायची. तीन, एक हप्ता ३० दिवसांहून जास्त थकला तर उरलेली सगळी रक्कम तत्काळ देय होईल, हे वाक्य करारात हवं. ते नसेल तर दर हप्त्यासाठी वेगळं भांडावं लागतं.

पैसे मिळाले तरी मान मोकळी होत नाही, हे बायांना उशिरा कळतं. बँकेच्या १,१०,००० च्या कर्जावर तिची सही आहे. तिघींनी आपसात ‘आता हिचा संबंध नाही’ असं लिहिलं तरी बँकेवर ते बंधनकारक नाही. बँकेनं तिला मोकळं केल्याचं पत्र दिलं तरच ती सुटते. बँक नाही म्हणाली, तर राहणाऱ्यांनी कर्जाची भरपाई करण्याचं लेखी वचन द्यावं आणि कर्ज फिटेपर्यंत दर तिमाहीला बँकेचा उतारा तिला दाखवावा. शिवाय ती बाहेर पडल्याची जाहीर नोटीस राजपत्रात आणि जिल्ह्यातल्या मराठी वर्तमानपत्रात द्यायची आणि पेढी नोंदलेली असेल तर भागीदारी संस्थांच्या निबंधकालाही कळवायचं. ही नोटीस दिली नाही तर राहणाऱ्यांनी पुढे पेढीच्या नावानं केलेल्या उधारीसाठीही व्यापारी तिच्या दारात येऊ शकतो. जीएसटी नोंदणीतून आणि बँक खात्याच्या सह्यांतून नाव काढून घ्यायचं तेही याच वेळी.

आणि दोघींनी हिशोब द्यायलाच नकार दिला तर? कायद्याचं ३७ वं कलम तिच्या हाती आहे. हिशोब चुकता न करता तिच्या हिश्शावर धंदा चालू ठेवला तर तिला निवड करता येते: तिची मालमत्ता वापरून झालेल्या नफ्यातला वाटा, किंवा हिश्शावर वर्षाला ६ टक्के व्याज. करारात काही वेगळं लिहिलेलं नसेल तरच हे लागू होतं. आपल्या उदाहरणात ६ टक्के म्हणजे वर्षाला ७,२००. बँकेपेक्षा स्वस्त कर्ज राहणाऱ्यांना मिळालं असाच त्याचा अर्थ होतो. म्हणून कराराचा दर जास्त ठेवावा. नफ्याचा वाटा निवडला तरी पूर्ण तिसरा हिस्सा मिळेल असं समजू नये. राहणाऱ्यांच्या मेहनतीचा भाग त्यातून वजा होतो.

पेढी नोंदलेलीच नसते, ही आणखी एक अडचण. नोंदणी नसलेल्या पेढीच्या भागीदाराला करारातला हक्क मागण्यासाठी पेढीवर किंवा भागीदारांवर दावा लावता येत नाही. पेढी विसर्जित करून हिशोब मागण्याची वाट केंद्राच्या कायद्यात उघडी होती. महाराष्ट्रानं १९८४ च्या दुरुस्तीनं तीही बंद केली होती. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. त्यामुळे आज आपल्याकडेही अशा भागीदाराला विसर्जनाचा आणि हिशोबाचा दावा लावता येतो. मुदत विसर्जनापासून तीन वर्षांची. पण विसर्जनात यंत्रं भंगाराच्या भावानं जातात आणि नावलौकिक हवेत विरतो. म्हणून हे हत्यार दाखवायचं ते दोघींना बोलणीला बसवण्यासाठी. वापरलं तर तिचंही नुकसान होतं.

एका पद्धतीबद्दल मात्र सावध करायला हवं. ‘एकीनं किंमत सांगायची आणि दुसरीनं त्या किमतीला घ्यायचं की विकायचं ते ठरवायचं’ ही युक्ती मोठी न्यायाची वाटते. दोन्ही बाजूंकडे सारखा पैसा असेल तर ती न्यायाचीच आहे. पण एका बाजूला दीर आणि दुसऱ्या बाजूला विधवा भावजय असेल तर दीर मुद्दाम कमी किंमत सांगतो. त्या किमतीला विकत घ्यायला तिच्याकडे पैसे नसतात हे त्याला ठाऊक असतं. कुटुंबाच्या पेढीत नावापुरती भागीदार केलेल्या बाईच्या बाबतीत ही पद्धत सरळ नाकारावी. तिथे दोन्ही बाजूंना मान्य असलेला तिऱ्हाईत सीए नेमावा, त्याची फी पेढीनं द्यावी आणि कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या हक्कसोडपत्रावर सही करू नये.

हे सगळं भांडण लागल्यावर करणं जड जातं. कोण जाणार हे कुणालाच माहीत नसतं तेव्हा ते सोपं असतं, कारण उद्या जाणारी आपणच असू शकतो या जाणिवेनं प्रत्येक जण वाजवी बोलते. म्हणून भागीदारीपत्र करतानाच चार ओळी घालाव्यात. निघणाऱ्या भागीदाराचा हिस्सा ३१ मार्चच्या फेरमूल्यांकित ताळेबंदावर काढला जाईल. भागीदारांच्या कामाची मजुरी वजा करून उरणाऱ्या जादा नफ्याच्या दोन वर्षांइतका नावलौकिक धरला जाईल. चौथा भाग सहीच्या दिवशी आणि बाकी सहा तिमाही हप्त्यांत १० टक्के व्याजानं दिला जाईल. मतभेद झाल्यास तिऱ्हाईत सीएचा आकडा सर्वांवर बंधनकारक राहील. आकडे आपापल्या धंद्याप्रमाणे बदलावेत. पुढच्या वेळी गटातल्या कुणी भागीदारीपत्र घेऊन सहीला आल्या, तर या चार ओळी त्यात आहेत का, एवढं आधी बघावं.